दुप्पट लॉट आणि साडेतीनची वेळ

"तोटा झाला की लगेच दुप्पट लॉट घ्यायचे. बाजार कुठेतरी वळतोच, एकदा वळला की सगळं वसूल. किल स्विच भित्र्यांसाठी, बारा तासांनी परत चालूच होतं."

भाच्याने ऑप्शन ट्रेडिंगबद्दल हे घरच्या ग्रुपवर टाकलं आणि बडोद्याच्या अर्ध्या दांडिया बाजाराने पुढे पाठवलं. मामा म्हणून उत्तर देणं भाग आहे, कारण हा प्रयोग मी करून बसलोय.

बाजार वळतो, मान्य. पण ऑप्शन त्याची वाट बघत थांबत नाही. माझं ट्रेड बुक उघडून सांगतो. एक्स्पायरीचा मंगळवार, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायचा दिवस. निफ्टीचा लॉट 65चा. चालू भावालगतचा कॉल, म्हणजे निफ्टी चढेल यावरचा ऑप्शन, 90 रुपयांना, दोन लॉट. 10:42ला 50वर विकला; 5,200 गेले. 10:44ला चार लॉट, शंभर पॉइंट वरचा स्ट्राइक, 25 रुपयांना. स्वस्त म्हणून लांबचा घेतला, विचार म्हणून नव्हे. तो 10वर विकला, आणखी 3,900. मग बारा वाजता तोच कॉल आठ लॉट, 10 रुपयांना.

अडीचला निफ्टी खरंच वळला, थेट सकाळच्या पातळीवर आला. माझा कॉल तेव्हा 3 रुपयांवर होता. उरलेला वेळच संपत आला होता, त्यामुळे किंमतही संपली. साडेतीनला शून्य. एकूण 14,300. पहिल्यानंतर उठून सेव उसळ खायला गेलो असतो तर 5,200वर भागलं असतं.

सूड घेतोय हे आपल्याला तेव्हा कळत नाही, ट्रेड बुकात मात्र दिसतं: तोटा आणि पुढची ऑर्डर यांत दोन मिनिटं, लॉट वाढलेले, स्ट्राइक लांब सरकलेला.

आता किल स्विच, म्हणजे ब्रोकरच्या ॲपमधलं सौदे बंद करायचं बटण. बारा तासांनी चालू होतं, हाच त्याचा उपयोग. बाजार सव्वानऊ ते साडेतीन. 10:42ला दाबलं असतं तर रात्री 10:42पर्यंत एफ अँड ओ बंद, म्हणजे तो दिवस संपला. रात्री आठला पश्चात्तापाने दाबलं तर मात्र सकाळी आठला मोकळे, उपयोग शून्य. काही ब्रोकरांकडे मुदत वेगळी असते, तेवढी आधी वाचून ठेव.

भित्र्यांसाठी म्हणतोस? माझ्या ॲपमध्ये उघडी पोझिशन असताना तो दाबताच येत नाही. आधी तोटा कबूल करून सौदा काढावा लागतो, आणि नेमकं तेच हातून होत नाही. म्हणून दिवसाची तोट्याची मर्यादा सव्वानऊच्या आधी कागदावर लिहायची. माझी 5,000 आहे. ती गाठली की सौदा काढायचा, स्विच दाबायचा, उरलेली रक्कम बँकेत काढायला टाकायची.

पळवाटा आहेत, नाकारत नाही. मामीच्या नावाचं दुसरं खातं, किंवा रात्री उशिरापर्यंत चालणारा एमसीएक्स, म्हणजे कमोडिटीचा बाजार. ते खातं मी बंद केलं. एमसीएक्सचा सेगमेंट अजून चालू आहे, तो या शनिवारी बंद करतो.