‘पानं पिवळी पडल्यात, काय मारू?’

द्राक्षाची फळछाटणी झाली की माझ्या फोनवर हा प्रश्न येतोच. तासगावच्या बाजूनं येतो, मिरजेच्या बाजूनं येतो. सोबत एक फोटो असतो, बहुतेक वेळा दिवस मावळताना काढलेला. त्यात एक पिवळं पान, मागं धूसर बाग. खाली लिहिलेलं असतं, ‘सर, काय मारू?’

हे आज लिहायला बसलो, कारण गेल्या हंगामात सावळज भागातल्या एका अण्णांनी हाच प्रश्न चौघांना पाठवला होता. चौथा मी. पहिल्यानं सांगितलं मॅग्नेशियम सल्फेट मारा. दुसऱ्यानं डाऊनी या बुरशीच्या रोगाचं औषध सांगितलं. तिसरा म्हणाला लोह कमी आहे, फेरस सल्फेट सोडा. तिघंही या धंद्यात मुरलेले, कुणी खोटं सांगणारं नाही. पण अण्णांचा विश्वास मात्र तिघांवरनंही उडाला होता. ‘तिघांची तीन तोंडं. ह्यांना काय कळतंय का न्हाई?’ असं ते मला फोनवर म्हणाले.

माझं म्हणणं असं की चूक त्या तिघांच्या ज्ञानात नव्हती. ‘पानं पिवळी पडल्यात’ या वाक्यात इतक्या जागा रिकाम्या आहेत की ऐकणारा त्या आपल्याच बागेतल्या आठवणींनी भरतो. ज्याच्या बागेत गेल्या साली बुडाची पानं शिरांच्या मधून पिवळी पडली होती, त्याला मॅग्नेशियम आठवणार. ज्याची बाग डाऊनीनं गेली, त्याला पिवळा ठिपका दिसला की डाऊनीच दिसणार. अण्णांच्या बागेचं उत्तर त्यांना मिळालंच नाही. तीन वेगळ्या बागांची तीन उत्तरं मिळाली.

म्हणून मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, ‘अण्णा, प्रश्न परत लिहू. मी विचारतो, तुम्ही बागेत उभं राहून सांगा.’

पहिलं विचारलं, पिवळं नेमकं कुठलं पान? शेंड्याचं की बुडाचं? ही एक गोष्ट प्रश्नात असली तरी निम्मी उत्तरं गळून पडतात. नत्र, पालाश, मॅग्नेशियम वेलीच्या आत फिरतात. ती कमी पडली की वेल जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते, म्हणून खूण बुडाच्या पानांवर आधी दिसते. लोह तसं फिरत नाही. ते कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि जुनी हिरवी राहतात. अण्णा म्हणाले, शेंड्याची तीन-चार पानं. मग विचारलं, शिरा कशा आहेत? थोडं थांबून म्हणाले, ‘शिरा हिरव्या हैत. जाळी दिसती बघा.’ चौघांना पाठवलेल्या फोटोत ही जाळी दिसतच नव्हती. अंधारात काढलेल्या फोटोत सगळंच पान पिवळं दिसतं.

डाऊनी आहे की नाही, हे अंदाजानं ठरवायचं नव्हतं. संशयाची चार पानं ओल्या कापडासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी पान उलटून बघायचं. डाऊनीचा डाग जिवंत असेल तर खालच्या बाजूला पांढरी बुरशी उठते. अण्णांनी ते केलं. सकाळी काही नव्हतं. तेव्हा ‘डाऊनी नसावी’ याऐवजी ‘रात्रभर पिशवीत ठेवून पाहिलं, बुरशी आली नाही’ असं प्रश्नात लिहिता आलं. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिल्यावर कुणीही शंका घेईल, दुसऱ्यावर पुढं जाईल.

दुसरा फरक पडला जागेनं. सगळी बाग पिवळी की ठरावीक वेली? इथं अण्णा सहज बोलून गेले की ओढ्याकडच्या खालच्या पाच ओळीच तशा आहेत, वरची बाग झकास आहे. हे त्यांनी चौघांतल्या कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांच्या मनात तक्रार पानाची होती, जागा सांगण्यासारखी गोष्टच वाटली नव्हती. पण बाग एक, छाटणी एक, खत एक आणि पिवळेपण फक्त खालच्या अंगाला, मग कारण त्या अंगालाच शोधायला हवं. विचारणाऱ्याला जे रोजचं वाटतं, तेच लांबच्या माणसाला सगळ्यात जास्त हवं असतं.

तिसरं, आधी काय करून झालंय. अण्णांनी आठ दिवसांपूर्वीच ड्रीपमधून फेरस सल्फेट सोडलं होतं. हे कुणाला सांगितलं नाही, कारण ‘गुण आला न्हाई, मग काय सांगायचं?’ पण गुण न येणं हीच मोठी माहिती होती. ती नसल्यामुळं तिसऱ्या माणसानं तेच परत सांगितलं. खरं तर तो उत्तराच्या सगळ्यात जवळ होता.

मग अण्णांनी उत्साहानं मला चार मिनिटांचा आवाजी संदेश पाठवला. त्यात बाग कुणी लावली, मागचा दर काय मिळाला, गारपीट कधी झाली, मजुरांचे हाल, सगळं होतं. ते त्यांच्या मनाला लागलेलं होतं हे मला कळतं. पण प्रश्नात काय ठेवायचं याला माझी एकच कसोटी आहे. ही गोष्ट वेगळी असती तर उत्तर बदललं असतं का? गारपीट तीन वर्षांपूर्वीची, ती गळाली. खुंट मात्र राहिला, कारण जमिनीत मुळं असतात ती खुंटाची आणि चुना किंवा क्षार सोसायची ताकद खुंटागणिक वेगळी. कुठल्या दुकानातून खत घेतलं हे गळालं. माती परीक्षणाचे दोन आकडे राहिले.

शेवटी जो प्रश्न तयार झाला तो असा:

‘माणिक चमन, डॉगरिज खुंट, बाग सहा वर्षांची, अंतर ९ बाय ५ फूट. फळछाटणी १२ ऑक्टोबरला, आज २६वा दिवस. शेंड्याची तीन-चार कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. बुडाची पानं हिरवीगार. पानं रात्रभर ओल्या पिशवीत ठेवली, बुरशी उठली नाही. एकरातल्या साधारण ९६० वेलींपैकी ओढ्याकडच्या पाच ओळींतल्या ७० वेली अशा आहेत, बाकी बाग चांगली. जमीन काळी. मे महिन्यातला माती अहवाल: सामू ८.३, मुक्त चुना १४ टक्के. छाटणीनंतर दोन पाऊस झाले. ड्रीप रोज दोन तास, प्रत्येक वेलीला ताशी ४ लिटरचे दोन ड्रीपर. खालच्या ओळींत बोद उकरला तर चिखल लागतो, वर लागत नाही. आठ दिवसांपूर्वी ड्रीपमधून फेरस सल्फेट सोडलं, फरक नाही. पाण्याचा अहवाल नाही. लोह जमिनीतच कमी आहे, की ओलीमुळं मुळं ते घेत नाहीत? आणि पाणी-खताच्या वेळापत्रकात सगळ्यात आधी काय बदलू?’

सोबत तीन फोटो, सकाळी नऊच्या उजेडात काढलेले. एकात शेंड्यापासून बुडापर्यंत पूर्ण काडी. एकात पिवळं पान आणि त्याच्या शेजारी वरच्या ओळीतलं निरोगी पान. एकात खालची पूर्ण ओळ.

यात शेवटचं वाक्य बदललंय याकडं लक्ष द्या. मूळचा प्रश्न ‘काय मारू?’ असा होता. या दोन शब्दांत अण्णांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं की उपाय पंपातूनच येणार. असं विचारलं की समोरचा औषधाचंच नाव सांगतो, कारण तेच मागितलेलं असतं. मला या सवयीची खरोखर काळजी वाटते. पाणी जास्त झालेल्या बागेवर बुरशीनाशक मारलं तर पैसे जातात, निर्यातीच्या बागेत अवशेषाचा हिशोब वाढतो आणि पिवळेपण तिथंच राहतं. आणखी एक. ‘पाण्याचा अहवाल नाही’ हे मी मुद्दाम लिहायला लावलं. नसलेली माहिती लिहिली नाही की समोरच्याला वाटतं ही विसरली असेल किंवा सगळं ठीक असेल.

हा प्रश्न मी माझ्याहून जाणत्या एका माणसाला पाठवला. त्यांनी ती बाग कधी पाहिलेली नाही. तासाभरात त्यांचा एकच उलटा प्रश्न आला: खालच्या ओळींना वेगळा व्हॉल्व्ह आहे का? नव्हता. मग उत्तर आलं. एकरभर एकच वेळ पाणी चालतं आणि वरच्या अंगाचा ओलावा खाली उतरतो. चुनखडीच्या जमिनीत ओल साचून हवा कोंडली की बायकार्बोनेट वाढतं आणि जमिनीत लोह असूनही मुळाला ते घेता येत नाही. फेरस सल्फेट ८.३ सामूच्या जमिनीत पडल्यावर लवकरच बांधलं जातं, म्हणून गुण आला नाही. म्हणून त्या पाच ओळींच्या लॅटरल बंद ठेवा, बोदाच्या कडेनं पाण्याला वाट काढून द्या, वाफसा आल्याशिवाय पाणी नको. मग ड्रीपमधून लोह द्यायचंच असेल तर ईडीडीएचए चिलेट द्या, कारण ईडीटीए इतक्या सामूला टिकत नाही. तोवर पानावरची फवारणी वेळ मारून नेण्यापुरती. आणि पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होतात का हे बघत बसू नका, शेंड्याला नवीन फुटणारं पान कसं येतंय ते बघा.

अण्णांनी आधी फक्त पाणी तोडलं, चिलेट नंतर आणलं. दहा-बारा दिवसांनी त्यांनी शेंड्याचा फोटो पाठवला, तोही सकाळच्या उजेडात. नवीन दोन पानं हिरवी होती.

जाणते लोक शेतकऱ्याला उत्तर देत नाहीत, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. अर्धवट प्रश्नाला प्रामाणिक माणूस गप्प बसतो, कारण त्याला चुकायची भीती असते. आणि जो न विचारता झटक्यात औषध सांगतो, त्याच्यापासून जपायला पाहिजे. प्रत्येक गोष्ट लिहून सुटते असंही नाही. मुळं कुजलीत का, सूत्रकृमीच्या गाठी आहेत का, हे कुणीतरी खोदून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि दोन-तीन अन्नद्रव्यं एकत्र बिघडली असतील तर देठ परीक्षणाशिवाय सांगणं धोक्याचं आहे. तिथं चांगल्या प्रश्नाचं उत्तरही ‘आधी हे तपासा’ एवढंच येतं, आणि ते बरोबरच असतं.

अण्णांचा तो संदेश आता गावात फिरतोय. त्यांच्या भावकीतल्या एका पोरानं परवा तोच उचलला, जातीचं नाव आणि तारीख बदलून मला पाठवला. त्याच्या बागेत पिवळी आहेत ती बुडाची पानं, आणि कडा करपलेल्या आहेत. तिथं शंका पालाशची किंवा बोअरच्या पाण्यातल्या मिठाची येते. म्हणून त्याला चुन्याच्या आकड्याआधी पाण्याचा अहवाल हवा: ईसी, सोडियम, क्लोराईड. त्याला म्हटलं, ‘बाळा, अण्णांचा प्रश्न अण्णांच्या बागेचा आहे. तू बोअरचं पाणी बाटलीत भरून तपासायला दे आणि तोवर काही मारू नकोस.’ बाटली काल दिली म्हणाला.