काळी चार ते काळी एक

बेळगावात पोरगं जरा सुरात रडलं की शेजारी म्हणतात, "सुळेभावी काय लांब आहे होय?" कुमार गंधर्व १९२४ साली तिथं जन्मले आणि लहानपणीच गाजले, त्याचा भार आजतागायत आसपासच्या प्रत्येक गाणाऱ्या पोराच्या डोक्यावर आहे. आमचे चिरंजीव पेटीच्या काळी चार पट्टीत असे खणखणीत गायचे की तो भार आम्ही हौसेनं उचलला होता.

मग गणपतीत मंडळाच्या स्टेजवर भूप गाताना तार गंधार अर्ध्या वाटेत दुभंगला. निम्मा वर गेला, निम्मा माझ्याच आवाजात खाली पडला. पहिल्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली आणि आमच्या घरात उपचार सुरू झाले. आत्यांनी ज्येष्ठमध पाठवलं, मामींनी खडीसाखर. वरच्या मजल्यावरच्या कन्नड अज्जींनी मिरीचा असा कषाय करून दिला की चिरंजीव तेवढ्यापुरते पुन्हा काळी चारमध्ये ओरडले.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी घसा बघितला आणि हसले. "काही झालेलं नाही. स्वरयंत्र वाढतंय, आतल्या पट्ट्या लांब आणि जाड होतायत. मुलग्यांचा आवाज साधारण एक सप्तक खाली येतो. काही महिने डगमगणार. जास्तही." फी मात्र डगमगली नाही.

"गाण्याच्या परीक्षेचं काय?" मी चिरंजीवांना शिकवणाऱ्या बुवांना विचारलं.

"परीक्षा पुढच्या खेपेला. गळा एकच आहे त्याला." एवढं बोलून बुवांनी पेटी ओढली आणि चिरंजीवांचा नवा षड्ज शोधायला बसले. हे काम बघण्यासारखं असतं. एका पट्टीत सा धरायला लावायचा, मग मंद्र पंचमापर्यंत खाली उतरवायचं. तिथं नुसती हवा यायला लागली तर पट्टी फार खाली झाली. मग वर तार गंधाराकडे न्यायचं. तिथं मानेच्या शिरा ताठल्या, हनुवटी वर गेली, तर पट्टी फार वर. दोन्ही टोकं बिनओरडता लागतील तो आजचा सा. 'आजचा' म्हणायचं, कारण पंधरवड्यानं पुन्हा तपासावं लागतं. आम्ही काळी तीनवरून पांढरी चार, तिथून काळी दोन असे पायऱ्या उतरत चाललो होतो. मधे एकदा अशी अवस्था आली की वरचे सूर गेलेले, खालचे आलेले नाहीत, हाताशी मधले पाच. बुवा म्हणाले, "पाच तर पाच. तेवढ्यात गा. बाकी वेळ बंदिशी पाठ कर, विलंबित एकताल हातावर धर. लयीला कुठं आवाज फुटतोय?"

एक गोष्ट त्यांनी दटावून सांगितली. जुना उंच आवाज खोट्या गळ्यानं ओढून आणायचा नाही. तशी सवय जडली तर स्वरयंत्र मोठं होऊनही माणूस बारीक आवाजातच बोलत राहतो, आणि मग बोलायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे जाऊन तो खाली उतरवावा लागतो. गाणाऱ्या पोरांना हा मोह जास्त. टाळ्या त्याच आवाजाला मिळालेल्या असतात.

गाडी शेवटी काळी एकवर थांबली आणि माझा खिसा हलका व्हायची वेळ आली. घरातला तानपुरा काळी चारचा, लहान, बारीक तारांचा. तो काळी एकपर्यंत उतरवला तर तारा ढिल्या पडून नुसत्या फडफडतात, तारेची गुंजणारी जवारी म्हणून उरत नाही. पुरुषी आवाजाला मोठ्या भोपळ्याचा, जाड तारांचाच लागतो. म्हणजे मिरज.

तिथल्या कारागिरानं चार तारा चढवल्या, खुंट्या पिळल्या, मणी सरकवून सूर जुळवले. तरी आवाज मुकाच. मग त्यानं घोडीवर एकेका तारेखाली सुताचा धागा सरकवला. केसभर पुढं, केसभर मागं. एका जागी तार एकदम उजळली आणि इतका वेळ मोबाईल बघत बसलेल्या चिरंजीवांनी मान वर केली. "बाबा, हाच." किंमत त्यांनी विचारली नव्हती.

परतीच्या गाडीत तानपुऱ्याला सीट आणि मला दार. कुडचीला चढलेल्या एका आजींनी गवसणीवरून हात फिरवला. "भोपळा एवढा मोठा! मिरजेत काय दरानं मिळाला?" मी दर सांगितल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या आणि घटप्रभेपर्यंत सगळ्या डब्याला सांगत होत्या.

आता सकाळी मंद्रात साधना चालते. खालचा पंचम भरदार लागतो. फोनवर तर बापलेकांत फरक कळत नाही, असं नातेवाईक कौतुकानं म्हणतात. परवा क्लासटीचर रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "सोमवारी तुम्ही फोन केलात ना, मुलाचा घसा बसलाय म्हणून? बरा आहे का आता?"