सीओडीचं पार्सल परत का येतं, आणि कुठलं पार्सल पाठवूच नये

ऑनलाइन विक्री करणाऱ्या छोट्या लोकांच्या ग्रुपवर रोज एकच तक्रार वाचते: "ग्राहकानं दारात पार्सल नाकारलं." खाली ठरलेल्या प्रतिक्रिया असतात. लोक फसवे आहेत, सीओडी बंद करा, नंबर ब्लॉक करा. मीही सीओडीवर माल विकते. या सल्ल्यांनी माझ्यासारख्यांचं नुकसान थांबत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुळात मुद्दाम त्रास देणारे ग्राहक थोडे असतात. बहुतेक नकार दारात ठरतच नाही. तो ऑर्डर दिल्यापासून पार्सल पोचेपर्यंतच्या दिवसांत ठरतो. रात्री मोबाइल बघताना जाहिरात दिसते, आवडते, आणि पैसे आत्ता द्यायचे नसल्यामुळे बटण दाबलं जातं. दुसऱ्या दिवशी उत्साह ओसरतो. चार दिवसांनी तीच वस्तू दुसरीकडे स्वस्त दिसते. आठव्या दिवशी कुरिअरवाला येतो, तेव्हा मागवणारी व्यक्ती कामावर असते आणि घरातल्यांना काहीच माहीत नसतं. पार्सलवर कंपनीचं भलतंच नाव असतं, हातात तेवढी रोकड नसते. घरचे "आम्ही नाही मागवलं" म्हणतात आणि ते त्यांच्यापुरतं खरंच असतं. यात फसवणूक कुठे आहे?

म्हणून पहिला उपाय वेगाचा. ऑर्डर आली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी माल निघाला पाहिजे. "स्टॉक आला की पाठवू" या हिशेबानं घेतलेली सीओडी ऑर्डर परत येण्याची शक्यता फार मोठी.

आता पैशांचा हिशेब, कारण इथेच बरेच जण चुकतात. विक्रीची किंमत १०० धरा. माल ४५ चा, जाण्याचं कुरिअर १२, सीओडी शुल्क ३, पॅकिंग २ आणि त्या ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च १८. पार्सल पोचलं तर हातात २० उरतात. नाकारलं तर माल परत येतो, पण जाण्याचे १२, परतीचे समजा १०, पॅकिंगचे २ आणि जाहिरातीचे १८ गेलेच. म्हणजे ४२ चा तोटा. सीओडी शुल्क अशा वेळी सहसा लागत नाही, म्हणून ते धरलं नाही. एक नकार दोन यशस्वी ऑर्डरचा नफा खाऊन वर थोडा उरतो.

शंभर ऑर्डरपैकी ३० परत आल्या तर ७० ऑर्डरचा नफा १४०० आणि ३० चा तोटा १२६०. महिनाभर राबून उरले १४०. परत येणाऱ्या ३० ऐवजी २० झाल्या तर उरतात ७६०. विक्री फार वाढलेली नाही, पण नफा पाचपटीहून जास्त. म्हणून नवीन ऑर्डर आणण्याइतकंच लक्ष परतीकडे द्यावं असं मी पोटतिडकीनं सांगते.

पाठवण्याआधी खात्री करून घेणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. पण "ऑर्डर कन्फर्म आहे का?" एवढंच विचारलं तर लोक सवयीनं हो म्हणतात. मी असं विचारते: "तुमची निळी बॅग उद्या निघतेय, पार्सलवर अमुक नाव असेल, एकूण इतके पैसे द्यायचे आहेत. पत्त्याजवळची खूण सांगाल का? पार्सल येईल तेव्हा घरी कोण असेल?" ज्याला वस्तू हवी असते तो लगेच खूण सांगतो. ज्याचा विचार बदललाय तो इथे अडखळतो आणि "राहू द्या" म्हणतो. ते "राहू द्या" पार्सल निघायच्या आधी ऐकायला मिळणं फायद्याचंच आहे.

मग फोन न उचलणाऱ्या प्रत्येकाची ऑर्डर रद्द करायची का? नाही, आणि माझं सगळ्यांत ठाम मत याच बाबतीत आहे. जाहिरातीचे १८ तर आधीच गेलेत. नाकारलं जाणारं पार्सल थांबवलं की वाचतात ४२ वजा १८, म्हणजे २४. पण जे पोचलं असतं ते थांबवलं की २० चा नफा जातो आणि १८ ही अंगावर येतात, म्हणजे ३८ चं नुकसान. वरच्या आकड्यांनी, परत येण्याची शक्यता साधारण ६० टक्क्यांच्या वर असेल तरच ऑर्डर थांबवणं परवडतं. "या भागातून दहातल्या चार परत येतात, तो भाग बंद करा" हा सल्ला म्हणूनच तोट्याचा ठरू शकतो. तुमचे आकडे वेगळे असतील. नाजूक माल परत येताना खराब होत असेल तर मर्यादा खाली येते. पण आपली मर्यादा काढल्याशिवाय काही बंद करू नका.

शंभरच्याच उदाहरणात बघा. खात्री करून १५ ऑर्डर थांबवल्या, त्यातल्या १२ खरंच परत आल्या असत्या आणि ३ चुकून थांबल्या. पाठवलेल्या ८५ पैकी ६७ पोचल्या, १८ परत आल्या. १३४० मधून ७५६ आणि थांबवलेल्यांच्या जाहिरातीचे २७० वजा करा. ३१४ उरतात. तीन चांगले ग्राहक गमावूनही १४० च्या दुपटीहून जास्त.

मधल्या, संशयास्पद ऑर्डरसाठी थोडी आगाऊ रक्कम मागावी. अर्धवट पत्ता, एकाच नंबरवरून तीन ऑर्डर, आधी एकदा नाकारलेलं पार्सल, अशांकडून जाण्याच्या कुरिअरएवढे पैसे आधी घ्यायचे आणि बाकीचे दारात. आधी थोडे पैसे दिलेला माणूस पार्सलची वाट बघतो. सगळ्यांनाच मात्र ही अट लावू नका, नवे ग्राहक ऑर्डर सोडून जातात. आणि कुठल्या परिस्थितीत ही रक्कम परत मिळेल ते आधीच स्पष्ट लिहा.

पार्सल निघाल्यावरही काम संपत नाही. कुरिअरच्या पॅनलवर "ग्राहकानं नाकारलं" किंवा "ग्राहक उपलब्ध नाही" असा शेरा पडला की त्याच दिवशी ग्राहकाला फोन करा. "आमच्याकडे कोणी आलंच नाही" हे उत्तर अनेकदा मिळतं. कुरिअरवाल्यावरही एका दिवसात भरपूर पार्सलांचा भार असतो, आणि न जाताच शेरा टाकला जातो. ग्राहकाचा मेसेज जोडून पुन्हा फेरी मागायची. उशीर केलात तर पार्सल परतीच्या वाटेला लागतं आणि मग ते फिरवणं जवळपास अशक्य.

शेवटचं, जाहिरातीबद्दल. कुठल्या जाहिरातीनं किती ऑर्डर आल्या हे सगळे बघतात. त्याच जाहिरातीच्या किती ऑर्डर पोचून पैसे जमा झाले हे वेगळ्या रकान्यात लिहा. "फक्त आजच" म्हणून घाई करणारी जाहिरात ऑर्डर भरपूर आणते आणि परतीही भरपूर. मापं, खरा रंग आणि कुरिअरसकट किंमत सांगणारी जाहिरात कमी ऑर्डर आणते. दोन्हींचा खर्च पोचलेल्या ऑर्डरच्या संख्येनं भागून बघा, पुढच्या महिन्यात कुठलीवर पैसे लावायचे ते त्यावरून ठरवा.