मग एमसीबी बत्तीसचा लावा

सोसायटीच्या फळ्यावर मी नोटीस लावली. "जुन्या लाईटच्या सर्किटवर गीझर जोडू नये" असा मथळा, आणि खाली का जोडू नये त्याचं कारण, सगळ्यांना समजेल अशा मराठीत. संध्याकाळपर्यंत खाली कोणीतरी लाल बॉलपेनने लिहून ठेवलं होतं: "मग एमसीबी ३२चा लावा, प्रश्न मिटला! – एक सभासद."

हे सभासद कोण ते शोधावं लागलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे काका फळ्यापाशीच उभे होते, खिशाला लाल पेन.

"काय हो, चूक आहे का माझं?"

"काका, एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. तो गीझरसाठी नसतो. भिंतीतल्या वायरसाठी असतो."

"पण पडतो गीझर लावल्यावरच ना? म्हणजे एमसीबी कच्चा. तुम्ही स्वस्तातला बसवलाय."

इथे माणसाने निघून जावं. पण नोटीस मी लिहिली होती आणि तिच्यावर लाल शाई होती, त्यामुळे थांबलो.

काकांच्या घरचाच हिशेब घेऊ. हॉलचे दिवे, दोन पंखे, टीव्ही, फ्रिज आणि बाथरूमचा दिवा, सगळं एकाच सर्किटवर. वायर एक चौरस मिलिमीटर तांब्याची, म्हणजे आमच्या बोलीत 'एकची'. पाइपातून गेलेली एकची वायर साधारण ११ अँपिअरपर्यंत सुखाने चालते, म्हणून तिच्या डोक्यावर १० अँपिअरचा एमसीबी. घरातलं हे सगळं मिळून ५०० वॅट धरा; २३० व्होल्टला सव्वादोन अँपिअरच्या आत. वायर मजेत. आता त्यात २००० वॅटचा गीझर टाका. तो एकटाच ८.७ अँपिअर ओढतो. एकूण १०.९.

"दहाच्या वर गेलं. मग लगेच का नाही पडत?" काकांनी विजयी चेहऱ्याने विचारलं. प्रश्न मात्र चांगला होता, हे मान्य करायला हवं.

दहाच्या वर एक अँपिअर गेला की एमसीबी लगेच पडतो असं नाही. त्याच्या आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत तो तासभर तरी पडायचा नाही, असंच त्याचं मोजमाप ठरलेलं आहे. १.४५ पटीला मात्र तासाच्या आत पडलाच पाहिजे. म्हणजे ११.३ पर्यंत हा गप्प, आणि काकांचा लोड १०.९. मग काकू इस्त्री लावतात, १००० वॅटची. आणखी ४.३ वाढले, १५.२ झाले, आणि थोड्या वेळाने एमसीबी पडला. काकांचा निष्कर्ष: इस्त्री नसताना चालतो, इस्त्री असताना पडतो, म्हणजे एमसीबी लहरी. आता त्याच्या जागी बत्तीसचा बसवला तर ३६ अँपिअरपर्यंत तो हूं की चूं करणार नाही, आणि ते ३६ त्याच एकच्या वायरमधून जातील. शिट्टीने झोपमोड होते म्हणून काकांना बहिरा वॉचमन हवा आहे.

"पण मिक्सर चालतोच की!"

मिक्सर ७५० वॅटचा, आणि चटणी दोन मिनिटांत होते. पंधरा लिटरच्या गीझरला २० अंशांचं पाणी ६० वर न्यायला २००० वॅटने एकवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ वायर सलग तापते, गार व्हायला फुरसत नाही. घरात चार माणसं एकामागून एक आंघोळीला गेली की सकाळभर तेच.

वायरपेक्षाही मला काळजी जॉइंटची. नोटिशीत त्यावर मी पूर्ण परिच्छेद लिहिला होता. सेक्रेटरींनी तो 'फार तांत्रिक' म्हणून कापायला लावला. वर्गणीची नोटीस दोन पानी असते आणि ती शेवटच्या आकड्यापर्यंत वाचली जाते, ते एक असो. कापलेला परिच्छेद असा: जुन्या घरांत वायरी पिळून, टेप गुंडाळून जोडलेल्या असतात. वर्षानुवर्षं टेप सुकतो, पीळ सैल होतो, तांब्यावर काळपट थर चढतो. समजा अशा एका जॉइंटचा अडथळा ०.२ ओहम झाला. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. एका ट्यूबलाइटचा ०.२ अँपिअर त्यातून गेला तर तिथे ०.००८ वॅट उष्णता होते. बोटालाही कळणार नाही. तिथूनच गीझरचे ८.७ गेले की १५ वॅट. करंट चाळीस-पंचेचाळीस पट, उष्णता जवळजवळ एकोणीसशे पट. आणि ती सगळी सुपारीएवढ्या जागेत, टेपच्या आत, भिंतीत. वायरचं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचं असतं. त्यापलीकडे ते कडक होतं, तडकतं. तापला की जॉइंट आणखी सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो.

आणि हे जळत असताना करंट वाढत नाही, म्हणून एमसीबीला यातलं काही कळत नाही. दहाचा लावा नाहीतर बत्तीसचा.

"इतकी वर्षं काही झालं नाही," काका म्हणाले. इतकी वर्षं गीझर नव्हता, काका.

ओळखायचं कसं, तेही लिहिलं होतं. गीझर चालू करताच दिवे मंद झाले तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. पंधरा मिनिटांनी सॉकेटच्या प्लेटला हाताची मागची बाजू लावून पाहा. कोमट ठीक, गरम असेल तर बंद करा. प्लेट पिवळी पडली, जळका वास आला, तर थांबूच नका. आणि गीझरचा जाड पिनांचा प्लग कन्व्हर्टर लावून साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आठ पॉइंट सात हे सहापेक्षा जास्त आहेत, एवढंच सांगतो.

उपाय एकच. डीबीपासून, म्हणजे एमसीबीच्या पेटीपासून, गीझरपर्यंत वेगळी लाइन. अडीचची तांब्याची वायर चालते. मी चारची ओढतो, उद्या कोणी ३००० वॅटचा गीझर आणलाच तर. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग, तिन्ही नवीन, मध्ये एकही जॉइंट नाही. २००० वॅटच्या गीझरला १६चा स्वतंत्र एमसीबी, १६चा सॉकेट, आणि पाण्याशी संबंध असल्यामुळे वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. आरसीसीबी करंट बाहेर गळला की वीज तोडतो, म्हणजे शॉकपासून वाचवतो, जास्त लोडपासून नाही. हेही सांगावं लागतं. आणि मंजूर लोड पुरतो का ते बिलावर बघून घ्यायचं.

काकांनी हे शांतपणे ऐकलं. मला वाटलं, पटलं.

"करा मग वेगळी लाइन," ते म्हणाले. "फक्त भिंत फोडायची नाही, आत्ताच रंग दिलाय."

"मग वरून पट्टी मारतो."

"पट्टी दिसते हो. बरं नाही वाटत. जुन्याच पाइपातून ओढा की."

"त्यात सात वायरी आधीच आहेत. आठवी, नववी, दहावी घुसवली तर सगळ्याच एकमेकींना तापवतील. शिवाय ओढताना जुन्या वायरींचं कव्हर सोलून निघेल."

"मग बाहेरून, खिडकीतून?"

"खिडकीला ग्रिल आणि जाळी आहे. एक भोक पाडावं लागेल."

"छे, जाळी नवीन आहे."

"काका, भिंत नाही, पट्टी नाही, पाइप नाही, जाळी नाही. वायर नेऊ कुठून?"

"ते तुम्ही बघा," काका लिफ्टचं दार लावत म्हणाले. "इलेक्ट्रिशियन तुम्ही आहात."