अंकल, हला ना!

रात्री साडेदहानंतर मी व्हॅलोरंट हा ऑनलाइन गोळीबाराचा खेळ खेळतो. माझ्या टीममधली पोरं माझ्या भाच्याच्या वयाची आहेत, आवाजावरून त्यांनी माझं वय ओळखलेलं आहे, आणि मी अडकलो की हेडफोनमधून "अंकल, हला ना!" असा कल्लोळ होतो. अंकल हललेले असतात हो. अंकल कोपऱ्यावरून वळून, समोरच्याला गोळी घालून मोकळे झालेले असतात, पण फक्त स्वतःच्या स्क्रीनवर. सर्व्हरच्या दृष्टीने ते अजून कोपऱ्यावरच उभे असतात. अर्ध्या सेकंदाने सर्व्हर आपलं म्हणणं खरं करतो आणि मी मेलेला असतो. यालाच लॅग म्हणतात.

कस्टमर केअरला फोन केला. तिथली ताई म्हणाली, "सर, राऊटर बंद करून चालू करा." केला. मग म्हणाली, "स्पीड टेस्ट करा." केली, चाळीसच्या चाळीस एमबीपीएस आले. "मग सर, इंटरनेट तर बरोबर आहे." तिच्या बाजूने ती बरोबरच होती. खेळाला स्पीड फारसा लागतच नाही. माझी गोळी म्हणजे एक चिमुकलं पॅकेट. ते सर्व्हरला किती पटकन पोचतं आणि दर वेळी तितक्याच वेळात पोचतं का, एवढाच प्रश्न असतो, आणि स्पीड टेस्टचा मोठा काटा त्याबद्दल काही बोलत नाही.

मग मी जवळच्या संशयितापासून सुरुवात केली. दोन काळ्या खिडक्या उघडल्या आणि एकीत आपल्याच राऊटरला, दुसरीत बाहेरच्या जगाला हाका मारून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते बघत बसलो:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिल्या खिडकीतला प्रवास माझ्या खोलीपासून दारापर्यंतचा. दारापर्यंत अशासाठी, की केबलवाल्याने राऊटर मुख्य दाराच्या वर ठोकलाय, कारण त्याची वायर तेवढीच पुरली. एवढ्या अंतराला दोन-चार मिलिसेकंद लागावेत. तसे लागतही होते. ३, २, ४, ३... आणि एकदम १६८, २४०, मग `Request timed out.` मी दचकून मान वर केली, तेवढ्यात स्वयंपाकघरातून "टिंग" आलं. आकडे पुन्हा ३, २, ३. बायको उरलेली भाजी गरम करत होती. मायक्रोवेव्ह आणि आमचं वायफाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास वावरतात, आणि भाजीपुढे माझ्या पॅकेटांचं काही चालत नाही. शिवाय त्याच पट्ट्यात सोसायटीतले अठरापगड राऊटर कोकलत असतातच. ५ गिगाहर्ट्झवर गेलो तर मधल्या दोन भिंतींनी सिग्नलचा जीव घेतला. शेवटी हॉलमधून सरळ लॅनची वायर ओढली. आईने पहिल्याच दिवशी तिच्यावर रुमाल वाळत घातले, पण राऊटरचं पिंग १ वर येऊन बसलं ते बसलंच. भाजी तापो, करपो.

वायफाय सुटलं. लॅग सुटला नाही, फक्त शिस्तीचा झाला. आता तो अकराच्या सुमारास यायचा आणि बराच वेळ मुक्काम करायचा. त्या वेळी पहिली खिडकी शांतपणे १, १, १ म्हणत असायची आणि दुसरी चारशेच्या पुढे. म्हणजे घोळ राऊटरच्या पलीकडे.

इथे भाचा आखाड्यात उतरला. तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला सगळं येतं. त्याने पॅकेटच्या वाटेतला एकेक टप्पा दाखवणारं ट्रेसराऊट, म्हणजे `tracert -d 8.8.8.8`, चालवलं आणि ओरडला, "मामा, सापडला चोर!"

```
1     1 ms    1 ms    1 ms  192.168.1.1
2     6 ms    5 ms    6 ms  100.72.0.1
3   212 ms    *     187 ms  10.20.4.9
4     *       *       *     Request timed out.
5    13 ms   13 ms   14 ms  8.8.8.8
```

तिसऱ्या टप्प्यावर दोनशे, चौथा तर गायबच! कंपनीला मेल करायला त्याची बोटं शिवशिवत होती. मी म्हटलं, बाळा, शेवटची ओळ वाच. पाचव्या टप्प्याला पोचायला पॅकेट तिसऱ्या-चौथ्यातूनच गेलं ना? तरी तेरा मिलिसेकंदांत पोचलं. मग वाट तुंबली कुठे? ट्रेसराऊट दर पॅकेटला मोजकं आयुष्य देऊन पाठवतं. पहिलं पॅकेट पहिल्या राऊटरवर मरतं, दुसरं दुसऱ्यावर, आणि ज्याच्या दारात मेलं तो राऊटर तसं कळवतो. पण मोठ्या राऊटरचं काम पॅकेटं पुढे ढकलायचं. मयताचा दाखला तो सवडीने देतो, नाहीतर देतच नाही. उशीर एखाद्या टप्प्यावर सुरू होऊन शेवटपर्यंत टिकला, तरच तो खरा. भाच्याचं तोंड पडलं, कारण त्याने हे ट्रेसराऊट सव्वादहाला काढलं होतं. तेव्हा लॅग नव्हताच.

सव्वाअकराला पुन्हा काढलं. पहिली ओळ १. दुसरी ४१२. तिसरी ४०५. शेवटची ४२०. आता उशीर दुसऱ्या टप्प्यावर चढला होता आणि उतरायचं नाव घेत नव्हता. दुसरा टप्पा म्हणजे आमच्या राऊटरपासून कंपनीच्या पहिल्या राऊटरपर्यंतची लाइन. भाचा म्हणाला, "बघा, कंपनीच!" पण त्या लाइनचं एक टोक आपल्याच दारावर ठोकलेलं असतं. मी राऊटरचं वायफाय बंद केलं. घरातले सगळे फोन तुटले, वायरवर मी एकटा उरलो. दुसरा टप्पा: ६.

एकेक फोन परत जोडत गेलो. बायकोचा, ६. भाच्याचा, ७. आईचा जोडला आणि मिनिटभरात ३९०.

आई रात्री अकराला फोन चार्जिंगला लावून झोपते, आणि चार्जिंग आणि वायफाय दोन्ही मिळाले की तिचा फोन दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतो. लग्नसराई चालू होती. त्या दिवशी आत्याच्या नातीच्या वरातीचे दोन जीबी होते. आमचा डाउनलोड चाळीसचा असला तरी अपलोड जेमतेम दहाचा, म्हणजे वरात चढायला सत्तावीस मिनिटं. तीही चढली असती बापडी. पण राऊटर जास्तीची पॅकेटं टाकून देत नाही, रांगेत धरून ठेवतो. अर्ध्या एमबीची रांग दहा एमबीपीएसने रिकामी व्हायला चारशे मिलिसेकंद लागतात, बरोबर माझ्या पिंगमधले चारशे. अरुंद गल्लीत पुढे बँड, घोडा नि नाचणारे पाहुणे, आणि त्यांच्या मागे हॉर्न वाजवणारी माझी गोळी.

राऊटरच्या सेटिंगमध्ये फोननिहाय अपलोडची मर्यादा घालता येते. आमच्यात येते, सगळ्यांत नसते. आईच्या फोनला ६ एमबीपीएस दिले. रांग लागायचीच बंद झाली आणि वरात चालू असतानाही पिंग १५ वर थांबलं. त्या रात्री पोरं पहिल्यांदा "नाइस, अंकल" म्हणाली.

दोन दिवसांनी आईच्या लक्षात आलं की व्हिडिओवरचं चक्र फारच वेळ फिरतंय. तिने मला विचारलं नाही, थेट कस्टमर केअरला फोन लावला. मी तेव्हा बारा-बारावर शेवटचा राउंड खेळत होतो. दाराकडे स्टूल सरकवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आईचा, "हो ताई, केला बंद. आता चालू करू का?"