कुलूप एक नाही, पट्ट्या तीन आहेत

«पॉलिसी घेतली की तीन वर्षं कुलूप. त्याआधी काहीच मिळत नाही, ३६ महिने झाले की सगळं मिळतं. आणि २० टक्के को-पे म्हणजे बिलाचे ८० टक्के कंपनी देणार, पण पाच लाखांच्या पॉलिसीत हातात चारच लाख. म्हणून पहिली तीन वर्षं हप्ता म्हणजे पाण्यात पैसे.»
(व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका ॲनिमेटेड क्लिपचं निवेदन)

पहिल्यांदा आरोग्य विम्याची पॉलिसी घेणाऱ्यांसाठी मीही अशीच हलती उदाहरणं तयार करते, त्यामुळे ही क्लिप मला बऱ्याच जणांनी पाठवली. चित्रं सुंदर आहेत. पण ती पाहून कुणी पॉलिसी घेणंच पुढे ढकललं, तर नुकसान मोठं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते कुलूप. क्लेम मिळण्याआधी थांबावं लागणारा काळ, म्हणजे वेटिंग पीरियड, एकच नसतो. मी पडद्यावर एकाखाली एक तीन आडव्या पट्ट्या काढते आणि तिन्ही एकाच तारखेला भरायला सुरुवात होते. समजा ४२ वर्षांच्या एका बाईंची पॉलिसी १ जून २०२५ ला सुरू झाली. त्यांना मधुमेह आहे आणि तो त्यांनी प्रस्ताव अर्जात लिहिला आहे. पहिली पट्टी ३० दिवसांची, सगळ्या आजारांसाठी. दुसरी पॉलिसीत यादी दिलेल्या ठरावीक आजारांची आणि शस्त्रक्रियांची: मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे वगैरे. ती बहुधा २४ महिन्यांची असते. तिसरी आधीपासून असलेल्या आजारांची, म्हणजे त्यांच्या मधुमेहाची. ती आपण ३६ महिन्यांची धरू. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांत विमा नियामक आयआरडीएआयने शेवटच्या दोन्ही पट्ट्यांची कमाल मर्यादा ४८ वरून ३६ महिन्यांवर आणली. कंपनी त्याहून कमी ठेवू शकते, जास्त नाही.

आता पडद्यावर तारीख पुढे सरकवू या. १० जूनला बाई जिन्यावरून पडल्या, हात मोडला. पहिली पट्टीसुद्धा भरलेली नाही, तरी क्लेम मिळतो, कारण अपघाताला ३० दिवसांची अट नसते. १४ जुलैला डेंग्यूने भरती झाल्या. पहिली पट्टी भरली आहे, डेंग्यू दुसऱ्या यादीत नाही, मधुमेहाशी त्याचा संबंध नाही, म्हणजे क्लेम मिळतो. फेब्रुवारी २०२७ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया करायची ठरली तर दुसरी पट्टी अजून अपुरी आहे, तेव्हा क्लेम मिळत नाही. तीच शस्त्रक्रिया जुलैमध्ये झाली तर मिळतो. मधुमेहामुळे पायाला झालेली जखम मात्र ३१ मे २०२८ पर्यंत स्वतःच्या खर्चाने. आणि एखादा आजार दुसऱ्या यादीतही असेल आणि आधीपासूनही असेल, तर दोन्हींपैकी लांब पट्टी लागते.

क्लिपमध्ये सगळ्यात घातक गोष्ट गाळली गेली आहे: आधीपासूनचा आजार म्हणजे नेमका कोणता. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालं, किंवा ज्यासाठी डॉक्टरांनी सल्ला वा उपचार दिले, तो. याच बाईंना पॉलिसीच्या दुसऱ्या वर्षी पहिल्यांदाच रक्तदाब निघाला, तर त्यावर तिसरी पट्टी लागतच नाही. त्यांनी थांबून तिसऱ्या वर्षी पॉलिसी घेतली असती, तर तोच रक्तदाब पुढे ३६ महिने बाहेर राहिला असता. ‘पाण्यात पैसे’ या हिशोबाला माझं उत्तर एवढंच. पट्टी तुम्ही हप्ता भरता तेव्हाच सरकते. घरी बसून वाट पाहिल्याने एक दिवसही भरत नाही.

आता को-पेमेंट, म्हणजे खर्चातला तुम्ही स्वतः भरायचा ठरावीक टक्का. इथे चूक क्रमाची आहे, आणि क्रम दाखवायला हलत्या चित्रासारखं साधन नाही. मी बिलाचा एक उभा खांब काढते आणि त्याचे तुकडे एकामागून एक खाली पाडते. समजा याच बाईंचं बिल २,४०,००० रुपयांचं. त्यात खोलीभाडं ४८,०००, म्हणजे रोज ८,००० प्रमाणे सहा दिवस. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर असा खोलीच्या दर्जानुसार बदलणारा खर्च १,१२,०००. औषधं आणि तपासण्या ६८,०००. हातमोजे, नोंदणी शुल्क अशा न मिळणाऱ्या बाबी १२,०००.

पहिला तुकडा पडतो तो या १२,००० चा. मग खोली. पॉलिसीत रोज ५,००० ची मर्यादा आहे, म्हणून भाड्याचे फक्त ३०,००० धरले जातात. पण गोष्ट तिथे थांबत नाही. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की त्याच प्रमाणात सर्जन वगैरे खर्चही कापला जातो, म्हणजे आठातले पाच भागच धरले जातात. १,१२,००० चे उरतात ७०,०००. औषधं आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कपात लागत नाही, आणि ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलतच नाहीत, तिथे ती लावता येत नाही. खांबात उरले ३०,००० अधिक ७०,००० अधिक ६८,०००, म्हणजे १,६८,०००. याला म्हणतात मान्य रक्कम. २० टक्के को-पे लागतो तो इथे, सर्वांत शेवटी: ३३,६००. कंपनी देते १,३४,४००. बाईंच्या खिशातून जातात १,०५,६००, म्हणजे बिलाचे ४४ टक्के.

हा खांब पहिल्यांदा दाखवला तेव्हा एक काका बराच वेळ गप्प होते. त्यांनी वडिलांना भरती करताना को-पेसाठी बिलाच्या पाचव्या हिश्शाएवढेच पैसे बाजूला ठेवले होते, आणि डिस्चार्जच्या दिवशी उरलेल्यासाठी उसने घ्यावे लागले. खोली निवडताना ही मर्यादा कुणी त्यांना सांगितलीच नव्हती. ते ऐकून मी खोलीच्या तुकड्याची चौकट दुप्पट वेळ थांबवायला लागले.

‘हातात चारच लाख’ हे व्याख्येतच बसत नाही. आयआरडीएआयच्या प्रमाण व्याख्येत स्पष्ट आहे की को-पेमेंटमुळे विमा रक्कम कमी होत नाही. वरच्या क्लेमनंतर पाच लाखांतून १,३४,४०० वजा होतात. बाईंनी भरलेले ३३,६०० वजा होत नाहीत. वर्षभरासाठी ३,६५,६०० अजून शिल्लक आहेत. एकाच बिलाची मान्य रक्कम विमा रकमेच्या वर गेली, तर को-पे आधी लावायचा की रक्कम आधी मर्यादेत आणायची, हे मात्र पॉलिसीच्या मजकुरात पाहा.

‘३६ महिन्यांनी सगळं’ हेही अर्धंच. को-पे आणि खोलीची मर्यादा प्रतीक्षा संपली म्हणून जात नाहीत. शिवाय बाईंनी २०२८ मध्ये विमा रक्कम पाचाची दहा लाख केली, तर वरच्या पाच लाखांसाठी नव्या पट्ट्या शून्यापासून सुरू होतात. कंपनी बदलून पोर्ट केलं तर जुन्या रकमेपुरत्या भरलेल्या पट्ट्या सोबत येतात. वार्षिक हप्त्याची मुदत टळून सवलतीचे ३० दिवसही गेले, तर भरलेलं पुसलं जातं.

तुमच्या पट्ट्यांची लांबी आणि को-पेचा टक्का पॉलिसीसोबत येणाऱ्या ग्राहक माहिती पत्रकात असतो. ते मराठीतून मागता येतं. आकडे पटले नाहीत तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.