लाल चौकटीतले 2,16,800

दर महिन्याच्या आढावा बैठकीत मला तोच प्रश्न विचारला जातो आणि दर महिन्याला माझे डोके तितकेच फिरते. पडद्यावर कच्च्या मालाच्या ओळीसमोर 10,00,000 बजेट, 12,16,800 प्रत्यक्ष खर्च आणि 2,16,800 ची तफावत लाल रंगात झळकते. लगेच साहेब विचारतात, "एवढा जास्त खर्च कसा काय झाला?" जणू ती रक्कम मीच खिशात घालून घरी नेली आहे!

अहो, बजेट 10,000 नगांचे होते आणि आपण 12,000 नग बनवले. विक्री विभागाने मोठी ऑर्डर आणली तेव्हा याच खोलीत टाळ्या वाजल्या होत्या. नगाला 2 किलो आणि किलोला 50 चा दर धरला, तर 12,000 नगांना 12,00,000 लागणारच. म्हणजे 2,00,000 ची तफावत केवळ उत्पादन वाढल्यामुळे आली आहे, आणि तिला उधळपट्टी म्हणणे म्हणजे पाहुणे वाढल्यावर भात जास्त का शिजला, असे विचारण्यासारखे आहे.

खरा प्रश्न उरलेल्या 16,800 चा आहे, पण तिथवर कोणी पोहोचतच नाही. माल 23,400 किलो लागला आणि तो 52 च्या दराने घ्यावा लागला, कारण ऑर्डर ऐन वेळी आल्यामुळे खरेदी विभागाला मिळेल त्या पुरवठादाराकडे धावावे लागले. किलोमागे 2 जादा, म्हणजे दरामुळे 46,800 चा फटका बसला. मात्र 12,000 नगांना 24,000 किलो लागायला हवे होते. कारखान्यातल्या माणसांनी 600 किलो वाचवले आणि ठरलेल्या 50 च्या दराने ती 30,000 ची बचत झाली. फटक्यातून बचत वजा करा, 16,800 उरतात. यात न समजण्यासारखे नेमके काय आहे, हे मला आजतागायत कळलेले नाही.

हे सगळे मी "कारण" या रकान्यात लिहायचे, आणि त्यात दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर मावत नाही. दुरुस्ती खर्चाची ओळ मात्र हिरवी असल्यामुळे तिच्याबद्दल शाबासकी मिळाली. काम पूर्ण झाले आहे, फक्त बिल आलेले नाही आणि कोणी त्याची तरतूदही केलेली नाही, हे मी सांगू लागलो तेव्हा "तो विषय पुढच्या महिन्यात बघू" असे उत्तर आले. पुढच्या महिन्यात ती ओळ लाल होईल आणि तेव्हाही उत्तर मलाच द्यावे लागेल.

शेवटी अहवाल वर गेला. माझ्या दोन ओळी कोणीतरी "सोप्या" करून तिथे लिहिले होते, "कच्च्या मालाचा वाजवीपेक्षा जास्त वापर." ज्यांनी 600 किलो वाचवले, त्या विभागाच्या प्रमुखांचा मला सकाळपासून तिसऱ्यांदा फोन येतो आहे.